आग्र्याच्या दरबाराचे दोन साक्षीदार

१२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराज संतापले. हा प्रसंग दोन ठिकाणी वाचायला मिळतो. एक, आंबेरच्या रामसिंहाच्या माणसांनी आग्र्याहून त्याच दिवसांत लिहिलेली राजस्थानी पत्रे. दुसरी, सभासदाची बखर. ती सुमारे तीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. अपमानास्पद जागा मिळाल्याने महाराज चिडले, यावर दोघांचेही एकमत आहे. लिहिणाऱ्यांचे हितसंबंध वेगळे असल्याने हा भाग भक्कम ठरतो. तारखा आणि तपशिलांसाठी पत्रांवर भिस्त ठेवावी. पण रामसिंह महाराजांना जामीन होता; त्यामुळे त्याच्यावर दोष येतो तिथे पत्रेही तपासून घ्यावीत. बखरीतले संवाद हुबेहूब मानू नयेत. मराठ्यांनी हा प्रसंग कसा आठवला, हे मात्र त्यातूनच कळते.