बजेट विचारलं आणि गिऱ्हाईक गेलं

कोथरूडमधली जुनी सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छताला उतरतंय आणि खालचे काका दोनदा येऊन बोलून गेलेत. घरच्या बाई मोबाइलवर घर-नूतनीकरणाची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराचा चौकशी फॉर्म उघडतात. नाव, मधलं नाव, आडनाव, ईमेल, मोबाइल, पूर्ण पत्ता, कार्पेट एरिया, बजेट, ‘तुमची गरज सविस्तर लिहा’. प्रत्येकापुढे तांबडी चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. कार्पेट एरियाशी त्या अडतात. सेल डीड कपाटात, कपाटाची किल्ली सासूबाईंकडे. फॉर्म तिथेच राहतो.

असे फॉर्म बहुतेकदा कोटेशनच्या नमुन्यावरून उचललेले असतात. पण कोटेशन घर पाहिल्यावरच निघतं. चौकशीचं काम एवढंच की कंत्राटदाराला पहिला फोन नीट करता यावा. म्हणून प्रत्येक रकान्याला एकच कसोटी लावावी: हे आत्ता कळलं नाही तर तो फोन अडेल का? ईमेल नसला तर अडत नाही. कार्पेट एरिया टेप लावून मोजायचाच असतो. पत्त्याऐवजी पिनकोड पुरतो, कारण माणूस तिकडे पाठवणं परवडतं की नाही एवढंच बघायचं असतं. उरतं ते नाव (एकाच रकान्यात), मोबाइल, पिनकोड, काम कशाचं आणि कधी सुरू करायचं.

‘ऐच्छिक’ लिहून ठेवलेला रकानाही निरुपद्रवी नसतो. एक्स्पिडिया या प्रवास-बुकिंग कंपनीच्या फॉर्मवर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही लोक तिथे आपल्या बँकेचं नाव लिहीत आणि मग पुढे पत्ताही बँकेचाच देत. कार्डाच्या पत्त्याशी तो जुळेना आणि व्यवहार फसे. तो एक रकाना काढल्यावर वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाल्याचं कंपनीनं सांगितलं होतं.

खरी ओढाताण बजेटवरून होते. कंत्राटदाराला ते हवंच असतं. वीस हजारांत अख्खं किचन मागणाऱ्याकडे चक्कर मारून त्याचा दिवस वाया जातो. गिऱ्हाईकाला मात्र आकडा सांगितला की तेवढंच बिल होईल अशी धास्ती असते, आणि ती काही अगदीच चुकीची नाही. शिवाय गळती काढायला किती लागतात हे त्याला खरोखरच ठाऊक नसतं. म्हणून रिकामा रकाना ठेवू नये. दोन-तीन टप्पे द्यावेत आणि पहिला पर्याय ‘अजून ठरलं नाही’ असा असावा. माझं मत विचाराल तर बजेट फोनवरच काढावं. ‘काम कधी सुरू करायचं?’ या प्रश्नाला ‘या महिन्यात’ म्हणणारा आणि ‘नुसती चौकशी’ म्हणणारा, यांतला फरक पुरेसं सांगून जातो.

‘सविस्तर लिहा’ऐवजी टिचकी मारण्याचे पर्याय ठेवावेत: बाथरूम, किचन, गळती, फरशी, रंग, पूर्ण फ्लॅट. शेवटी ‘दुसरं काही’ विसरू नये.

मोबाइलच्या रकान्यात एक खोडा लपलेला असतो. मराठी कीबोर्डवरून कोणी ९८… असे देवनागरी आकडे टाकले, किंवा पुढे +91 जोडलं, मध्ये जागा सोडली, तर अनेक फॉर्म ‘अवैध क्रमांक’ म्हणतात. हे सगळं स्वीकारून मागच्या मागे साफ करणं प्रोग्रामरला अवघड नाही. आकड्यांचा कीपॅड आपोआप उघडावा आणि फोनमध्ये साठवलेला नंबर सुचवला जावा यासाठी एवढी ओळ पुरते:

```html
<input type="tel" name="mobile" autocomplete="tel">
```

रकान्याचं नाव चौकटीच्या वर लिहावं. आत फिकट अक्षरांत लिहिलं तर टायपायला लागताच ते नाहीसं होतं.

आता बटण. ‘सबमिट’मधून पुढे काय होणार ते कळत नाही. ‘लगेच कोटेशन मिळवा’ लिहिलं तर जास्त लोक दाबतील, पण घर न पाहता कोटेशन देता येत नाही. पहिल्याच फोनवर तो शब्द मोडतो. ‘मला फोन करा’ हे खरं आहे आणि दाबणाऱ्याच्या तोंडचं आहे. खाली बारीक ओळ: ‘उद्या संध्याकाळपर्यंत एक फोन. पाहणीचे पैसे नाहीत.’ पाहणीचे पैसे घेत असाल तर तेही तिथेच लिहा. शेजारी ‘रीसेट’ बटण असेल तर काढा. अंगठा चुकला की भरलेलं सगळं पुसतं.

फॉर्म बदलल्यावर भरणारे वाढले की नाही, एवढंच पाहून चालत नाही. रकाने कमी झाले की हौशी चौकशाही वाढतात. किती जणांनी फॉर्म सुरू केला, किती जणांनी पाठवला आणि त्यांतल्या किती घरी पाहणी झाली, हे तिन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडावेत. महिन्याला तीस-चाळीस चौकशा येणाऱ्याला दोन बटणांची शर्यत लावून काही कळत नाही. चार-पाचचा फरक योगायोगानेही पडतो. त्यापेक्षा जुन्या चार-पाच गिऱ्हाइकांच्या हातात त्यांच्याच फोनवर फॉर्म द्यावा, गप्प बसावं आणि अंगठा कुठे थबकतो ते बघावं.