गल्ल्यातली उचल आणि घरचा पगार

आमच्या भागातल्या दुकानांच्या वह्या तपासताना मी पहिल्यांदा ‘उचल’ नावाचं खातं उघडतो. विक्री, खरेदी आणि जीएसटी नंतर पाहतो. भावाभावांत बिनसलं असेल तर ते याच पानावर दिसतं. किराणा, पोराची फी, गाडीचा हप्ता, लग्नातला आहेर असं सगळं तिथे एकाखाली एक लिहिलेलं असतं आणि शेवटी फक्त बेरीज.

सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात दोन भावांचं हार्डवेअर आणि रंगांचं दुकान आहे. नावगाव सांगत नाही, आकडेही गोल केलेत. भागीदारी निम्मी-निम्मी. थोरले सकाळी नऊ ते रात्री आठ काउंटरवर असतात. धाकटे खरेदी आणि वसुली बघतात, पण त्यांची द्राक्षबाग असल्यामुळे दुपारनंतर ते दुकानात क्वचितच सापडतात. मार्चअखेरीला थोरल्यांची उचल 9,40,000 निघाली आणि धाकट्यांची 6,10,000. धाकट्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि एवढंच म्हणाले, “तुम्हीच सांगा.”

फरक 3,30,000 रुपयांचा होता. आकडा ऐकला की कोणीही धाकट्यांची बाजू घेईल. म्हणून आधी बेरीज सोडून एकेक ओळ वाचायचं ठरवलं.

थोरल्यांचा मुलगा दोन वर्षं दुकानात पूर्णवेळ काम करत होता. त्याला पगार नव्हता. “घरचाच आहे, त्याला कसला पगार?” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पण मुलाला पैसे लागतच होते. मोबाइल, पेट्रोल, मित्राच्या लग्नाचे कपडे हे सगळं वडिलांच्या उचलीत पडत होतं. तसलं काउंटर सांभाळणारा माणूस गावात महिन्याला 18,000 घेतो, म्हणजे वर्षाला 2,16,000. ही दुकानाची मजुरी होती, ती थोरल्यांच्या नावावर चढली होती. शिवाय आईच्या ऑपरेशनचे 1,50,000 थोरल्यांनीच भरलेले, कारण आई त्यांच्याकडे राहते. आई मात्र दोघांची. हे दोन्ही बाजूला काढल्यावर थोरल्यांचे उरले 5,74,000.

आता धाकटे. त्यांच्या मंडळी रोज संध्याकाळी घरी टॅलीत बिलं चढवतात आणि जीएसटीची जुळणीही करतात. त्यांनाही दमडी मिळत नव्हती. बाहेरचा माणूस तेवढ्याचे महिन्याला 10,000 घेईल. वर्षाचे 1,20,000 वजा केले की धाकट्यांचे राहिले 4,90,000. सव्वातीन लाखांच्या वर असलेला फरक 84,000 वर आला.

तोही टिकला नाही. दोघांच्या कामाचे तास सारखे नव्हते, पण भागीदारांना कामाचा मोबदला द्यायची पद्धतच त्या दुकानात नव्हती. थोरल्यांच्या जागी व्यवस्थापक ठेवला तर 35,000 लागतील आणि धाकट्यांच्या अर्ध्या दिवसाच्या कामाला 22,000, हा हिशेब धाकट्यांनीच मांडला. म्हणजे थोरल्यांना वर्षाला 1,56,000 जास्त मिळायला हवे होते. त्यांनी जास्त घेतले होते 84,000. ज्याच्यावर बोट होतं, त्यालाच 72,000 कमी पडले होते. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग थोरले म्हणाले, “मागचं जाऊ दे.”

एकाच खात्यात तीन वेगळे पैसे शिरले होते. कामाचा पगार, मालकीचा नफा आणि नात्याचा खर्च. पगार काम बघून ठरतो, नफा भागीदारीपत्रातल्या टक्क्याने, आणि आईचं आजारपण यापैकी कशानेच नाही. त्याची वाटणी घरात बसून करायची.

पगार ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो. हा उद्या गेला तर त्याच्या जागी येणारा बाहेरचा माणूस किती मागेल? मुलगा इंजिनिअर असला तरी काउंटरवर पेंटचे डबे देत असेल तर पगार काउंटरचाच. त्याचं लग्न ठरलंय, आता जास्त लागतील, हेही कारण चालत नाही. जास्त द्यायचे तर वडिलांनी आपल्या नफ्यातून द्यावेत.

आयकर खात्याची नजरही इथेच असते. नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त पगार दाखवला तर वाजवीपेक्षा जास्तीची रक्कम खर्च म्हणून नाकारता येते. भागीदारांचा मोबदला भागीदारीपत्रात लिहिलेला नसेल तर तो खर्चात धरलाच जात नाही, आणि लिहिलेला असला तरी नफ्यानुसार त्याला कमाल मर्यादा आहे. बायकोच्या पगाराची भानगड आणखी वेगळी. ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा हिस्सा आहे तिथून तिला मिळालेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानाचा असेल, तर गोष्ट निराळी. धाकट्यांच्या मंडळींकडे तशी पात्रता नव्हती, त्यामुळे कर काही वाचला नाही. तरी पगार सुरू केला, थेट त्यांच्या बँकखात्यात. कोण किती काम करतं हे वहीत दिसावं, एवढ्यासाठी.

पैशांचं जमलं तरी अधिकारांचं राहिलं होतं. गवंडी आणि ठेकेदार हुशार असतात. धाकट्यांनी उधारी नाकारली की ते संध्याकाळी थोरल्यांकडे यायचे, आणि कामगारही “मोठ्या शेठनी हो म्हटलंय” म्हणून माल काढून द्यायचे. आता उधारीवर शेवटचा शब्द धाकट्यांचा, कारण वसुली त्यांना करावी लागते. काउंटर, कामगार आणि सुट्या थोरल्यांकडे. मुलाला मात्र वडिलांच्या हाताखाली ठेवलं नाही, काकांच्या हाताखाली दिलं. बाप पोराला एक तर सगळ्यांदेखत फाडून खातो, नाही तर त्याची चूक झाकतो. काकाला त्या मानाने सरळ बोलता येतं.

सगळ्यात नाजूक कलम सासुरवाडीचं होतं. मेहुणा 40 पोती सिमेंट नेतो, पंधरा-सोळा हजारांचं बिल होतं, आणि त्याच्याकडे मागायचं कोणी? ठरलं असं की 60 दिवसांत पैसे आले नाहीत तर रक्कम त्या भावाच्या उचलीत टाकायची. पहिल्या तिमाहीत दोन्ही मेहुण्यांची बाकी फिटली. फोन कोणी केले ते मी विचारलं नाही.

एक नियम साफ फसला. घरी दुकानाचं बोलायचं नाही, असं त्यांनी मोठ्या उत्साहाने ठरवलं होतं. आठ दिवसांत मोडला, कारण रात्री नऊला पुरवठादाराचा फोन येतोच. मग तो सोडून दुसरा केला. बोला कुठेही, पण मंगळवारी दुकान बंद असताना तिथे बसून डायरीत लिहाल तेवढाच निर्णय. जेवताना झालेला “बरं बघू” आता धरत नाहीत. आईला यातलं काहीच पटलेलं नाही. “भावाभावांत कसली डायरी?” असं त्या मलाच ऐकवतात आणि वर चहाही देतात.

आठ महिन्यांनी मुलगा पुण्याला नोकरीला गेला. ओळखीपाळखीने त्याच्या जागी माणूस शोधला. कांदे-बटाटे घ्यावेत तशी घासाघीस झाली आणि तो 19,000 वर तयार झाला. आम्ही 18,000 धरले होते.