‘तसेच’ काढल्यावर काय उरते

भूगोलाच्या एका विद्यार्थिनीने तिच्या प्रबंधिकेचे दुसरे प्रकरण मराठी तपासण्यासाठी माझ्याकडे आणले, तेव्हा पहिल्या पानावरचा परिच्छेद मी तिला मोठ्याने वाचायला लावला. तो असा होता:

“कोयना धरण हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे धरण आहे. तसेच त्याची उंची 103 मीटर आहे. त्याचप्रमाणे 1962 च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागले. त्याचबरोबर परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. परंतु हा भाग स्थिर मानला जात होता. तसेच 11 डिसेंबर 1967 रोजी मोठा भूकंप झाला. त्यामुळे सुमारे 180 लोक मृत्युमुखी पडले. अशा प्रकारे धरण आणि भूकंप यांचा संबंध दिसून येतो.”

व्याकरणाची चूक एकही नाही, माहितीही खरी आहे. तरी वाचून झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, “मॅडम, हे सगळं नुसतं शेजारी शेजारी ठेवल्यासारखं वाटतंय.”

मी तिला पेन्सिल दिली आणि ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘त्याचबरोबर’ यांची आपापसांत अदलाबदल करायला सांगितली. तिने केली. परिच्छेद पुन्हा वाचला, तर अर्थात तसूभरही फरक पडला नव्हता. मग ते तिन्ही शब्द तिने पूर्ण खोडले, तरी काही बिघडले नाही. ज्या शब्दाच्या जागी दुसरा कोणताही चालतो आणि एकही नसला तरी चालते, तो काहीच जोडत नसतो. शाळेत निबंध लिहिताना ‘तसेच’ने वाक्य सुरू केले की लेखन बांधेसूद दिसते, असे आपल्या मनावर ठसलेले असते आणि ती सवय थेट प्रबंधापर्यंत येते. पण ‘तसेच’ एवढेच सांगते की आणखी एक गोष्ट आहे. पाणी साठणे आणि धक्के जाणवणे यांत ‘आणखी एक’ असे नाते नाही. आधी एक घडले, मग दुसरे, आणि त्या क्रमातच प्रबंधिकेचा सगळा प्रश्न आहे. ‘त्याचबरोबर’ने नेमका तोच क्रम झाकला होता.

यानंतर आम्ही आठही वाक्ये कागदाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहिली, जोडशब्द वगळून. टेबलावर त्या पसरल्या आणि मी विचारले, “या परिच्छेदाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय?” ती म्हणाली, “कोयना धरणाची माहिती.” ही माहिती झाली, प्रश्न नव्हे. ‘कोयना हे महत्त्वाचे धरण आहे’ हे मुख्य वाक्य ठेवले, तर वीजनिर्मितीपासून विस्थापितांपर्यंत काहीही त्याखाली बसते. मुख्य वाक्य तपासण्याची माझी एक साधी रीत आहे: याच विषयावरचे कोणते खरे वाक्य या परिच्छेदात बसणार नाही? तसे वाक्य सापडत नसेल, तर मुख्य वाक्य फार सैल आहे.

बराच वेळ ती पट्ट्या सरकवत राहिली. मग हळूच म्हणाली, “मला असं म्हणायचंय की धक्के धरणानंतर सुरू झाले, म्हणून धरणावर संशय येतो.” हेच तिचे मुख्य वाक्य होते. ते मूळ परिच्छेदाच्या तळाशी, ‘अशा प्रकारे’च्या मागे, अर्धवट लपून बसले होते. असे पुष्कळदा होते. लिहिता लिहिता शेवटी कुठे आपल्याला काय म्हणायचे ते कळते, आणि दुसऱ्या खर्ड्यात ते वर न्यायचे राहून जाते. मुख्य वाक्य पहिलेच असले पाहिजे असे नाही. पुरावे मांडत जाऊन शेवटी निष्कर्ष देणारे परिच्छेदही असतात. पण तिथे प्रत्येक वाक्याचा रोख त्या शेवटाकडे असावा लागतो. इथे उंचीच्या वाक्याचा रोख भलतीकडेच होता.

103 मीटरची आणि 180 मृतांची पट्टी बाजूला ठेवायला मी सांगितले, तेव्हा तिला वाईट वाटले. आकडे कष्टाने मिळवलेले असतात. “टाकू नकोस, फक्त इथून उचल,” मी म्हणाले. ‘स्थिर मानला जात होता’ ही पट्टी मात्र मुख्य वाक्याखाली सर्वांत वर गेली. पूर्वीची समजूत आधी आली की ‘परंतु’ची गरजच उरत नाही, कारण पुढे घडलेले आपोआप तिच्या विरोधात उभे राहते.

आता वाक्यांना एकमेकांत गुंतवायचे होते, आणि इथे मराठीची स्वतःची सोय कामाला येते. आपल्या वाक्यात शब्द पुढेमागे हलवता येतात. वाचकाला ठाऊक झालेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला घ्यायची आणि नवी गोष्ट क्रियापदाच्या अलीकडे ठेवायची. पुढच्या वाक्याने त्या नव्या गोष्टीपासूनच सुरुवात करायची. शिवाय ‘हा’, ‘ही’, ‘हे’ यांच्यापुढे मागच्या वाक्याला नाव देणारे एखादे नाम ठेवता येते: ‘ही समजूत’, ‘हा क्रम’, ‘हे धक्के’. नुसते ‘हे’ लिहिले की वाचक मागे वळून शोधतो, कशाबद्दल? नाम दिले की दुवा जुळतो आणि मागच्या वाक्याकडे आपण काय म्हणून पाहतो, तेही कळते. ‘ही समजूत’ म्हटले की ती चुकीची ठरू शकते, एवढी शंका त्या एका शब्दात येऊन जाते.

दीड तासाने कागदावर हे होते:

“कोयनेच्या भूकंपांशी जलाशयाचा संबंध असावा, या संशयाला पहिला आधार मिळतो तो घटनांच्या क्रमातून. धरणापूर्वी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात असे. ही समजूत जलाशयात पाणी साठू लागल्यावर फार काळ टिकली नाही. 1962 नंतर परिसरात लहान धक्के वारंवार जाणवू लागले. या धक्क्यांतला सर्वांत विनाशकारी धक्का 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे बसला. केवळ एवढ्या क्रमावरून धरणाला कारण ठरवता येणार नाही. त्यासाठी पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या एकमेकांबरोबर बदलतात का, हे पाहावे लागेल.”

वाक्याच्या तोंडाशी जोडशब्द एकच उरला, ‘त्यासाठी’, आणि तो काढला तर शेवटची दोन वाक्ये खरोखरच सुटी होतात. शेवटच्या दोन वाक्यांचे श्रेय पूर्ण तिचे आहे. मूळ परिच्छेदात ‘संबंध दिसून येतो’ असे ठासून लिहिले होते. पट्ट्या क्रमाने लागल्यावर तिलाच दिसले की आधी-नंतर एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. तिच्या पुढच्या परिच्छेदाचा विषयही त्यातूनच निघाला: पावसाळ्यात जलाशय भरतो, त्यानंतर धक्के वाढतात का? ‘आता आपण पाण्याच्या पातळीचा विचार करू’ असे वेगळे सांगावे लागले नाही.

या रीतीची एक मर्यादा मी तिला सांगून ठेवली. दुवा गुळगुळीत झाला की चुकीचा तर्कही सरळ वाटू लागतो. मागचे नाम पुढे ओढत नेले तर धरणापासून धक्क्यापर्यंत कुठेही अडखळायला होत नाही, आणि खडकांतल्या भेगांत पाण्याचा दाब कसा वाढतो हा मधला दुवा वगळल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पट्ट्या लावून झाल्या की दर दोन वाक्यांमध्ये ‘कशावरून?’ असे विचारायचे.

आठवड्याने तिने पुढची पाने आणली. बाजूला ठेवलेल्या दोन्ही पट्ट्यांना नुकसानीच्या परिच्छेदात जागा मिळाली होती. मृतांचा आकडा आधी आला होता, आणि धरणाकडे वळताना तिने लिहिले होते: “103 मीटर उंचीच्या या भिंतीला त्या पहाटे तडे गेले. तरीही ती उभी राहिली.” त्या ‘तरीही’ला मी पेन्सिल लावली नाही.