सतरा टनांचा कातळ आणि पन्नास लिटर पाणी

घाटरस्त्यासाठी डोंगर कापला की कापलेल्या भिंतीवर भेगा उघड्या पडतात. सह्याद्रीतले लाव्हाचे थर जवळपास आडवे असले, तरी त्यांच्यातल्या भेगा उभ्या, आडव्या, तिरक्या अशा सगळ्याच दिशांनी जातात. अशा एखाद्या तिरक्या भेगेवर बेसाल्टचा मोठा तुकडा सुटा होऊन बसलेला असतो. वर्षानुवर्षं तो तिथेच असतो आणि मग एखाद्या जुलैच्या रात्री तो रस्त्यावर येतो. त्याचं वजन वाढलेलं नसतं, भेगेचा उतारही बदललेला नसतो. मग त्या रात्री नेमकं काय बदललं?

याचं उत्तर अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात असलेल्या एका छोट्या असमानतेत आहे: tan θ ≤ μ. इथे θ म्हणजे उताराचा कोन आणि μ म्हणजे घर्षणांक. उताराचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा जास्त नसेल, तर ठोकळा घसरणार नाही, एवढंच ती सांगते. पण ती कुठून येते हे समजलं, तरच ती कुठे तोकडी पडते हे कळतं, आणि दरडीच्या बाबतीत सगळं गांभीर्य त्या तोकडेपणातच आहे.

उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं वजन W दोन कामं करतं. त्याचा एक भाग, W sin θ, ठोकळ्याला उताराच्या दिशेनं खाली ओढतो. दुसरा भाग, W cos θ, त्याला पृष्ठभागावर दाबून धरतो. खाली ओढणाऱ्या भागाला अडवायचं काम घर्षणाचं. हे घर्षण किती असतं? इथे बहुतेक विद्यार्थी लगेच ‘घर्षण म्हणजे μ गुणिले दाब’ असं लिहितात, आणि ते चूक आहे. ठोकळा स्थिर असताना घर्षण जेवढ्यास तेवढं असतं. ओढ जेवढी, तेवढाच अडसर. μ गुणिले दाब ही त्याची कमाल मर्यादा आहे. म्हणून इथे समीकरण चालत नाही, असमानताच लिहावी लागते: W sin θ ≤ μ W cos θ. डावीकडे गरज आहे आणि उजवीकडे घर्षण जास्तीत जास्त किती देऊ शकेल ते. दोन्हींमधून W निघून जातं, उरतं tan θ ≤ μ.

वजन निघून गेलं, ही गोष्ट थोडं थांबून पाहण्यासारखी आहे. जड कातळ खाली जास्त जोरानं ओढला जातो हे खरं, पण तो तितक्याच प्रमाणात जास्त दाबूनही धरला जातो. त्यामुळे एक किलोचा दगड आणि शंभर टनांचा कातळ, दोन्ही एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर एकाच कोनाला घसरतात. तळाचं क्षेत्रफळ तर या हिशेबात येतच नाही. घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं आणि क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे गीयोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकानं १६९९ मध्ये मांडलं. पुढे शार्ल कूलाँ या लष्करी अभियंत्यानं अनेक प्रयोग करून ते पक्कं केलं आणि त्या कामासाठी त्याला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळालं. विद्युतभारांच्या नियमामुळे आपण ज्याला ओळखतो, तोच हा कूलाँ.

या असमानतेचा आणखी एक उपयोग असा की घर्षणांक मोजायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. घरातल्या फळीवर लाकडी ठोकळा ठेवून तिचं एक टोक सावकाश उचला. ठोकळा सुटेल त्या क्षणी फळी जशीच्या तशी धरा आणि उचललेल्या टोकाची उंची भागिले त्याखालचं जमिनीवरचं अंतर करा. उंची ३० सेंटिमीटर आणि अंतर ६० सेंटिमीटर असेल, तर घर्षणांक ०.५. खडकांचा अभ्यास करणारे अभियंते हीच चाचणी करतात. खडकाचा नमुना कापून दोन सपाट तुकडे एकावर एक ठेवतात आणि वरचा सुटेपर्यंत मंच कलता करत नेतात. ज्या कोनाला तो सुटतो, तो त्या खडकाचा घर्षणकोन. कापलेल्या कोरड्या बेसाल्टसाठी तो साधारण ३५ ते ३८ अंश येतो, ओल्यासाठी ३१ ते ३६.

हे आकडे नीट पाहिले, तर एक सर्वत्र पसरलेली समजूत मोडते. पावसात दगड ओला होतो, बुळबुळीत होतो आणि म्हणून घसरतो, असं आपण सहज म्हणतो. पण ओलसरपणानं बेसाल्टचा घर्षणकोन जेमतेम काही अंशांनी उतरतो. २५ अंशांच्या भेगेवर बसलेला कातळ ओला झाला तरी तिथेच राहायला हवा. भेगेत चिकणमाती भरलेली असेल, तर गोष्ट वेगळी. दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा बोल ओला झाला की घर्षण खरोखरच बरंच घसरतं. मात्र स्वच्छ, दगडावर दगड टेकलेल्या भेगेवरचे कातळही पावसाळ्यातच सुटतात. तिथे पाणी वेगळं काही करतं.

एक कातळ हिशेबाला घेऊ. तळ दोन मीटर बाय दोन मीटर, जाडी दीड मीटर, म्हणजे सहा घनमीटर आणि वजन सुमारे १७ टन. तो २५ अंशांच्या भेगेवर बसला आहे. ओल्या दगडाचा घर्षणांक ०.६५ धरू, म्हणजे घर्षणकोन साधारण ३३ अंश. खाली ओढणारं बल १७ गुणिले sin २५°, म्हणजे सुमारे ७.२ टन. दाबून धरणारं बल १५.४ टन आणि त्याच्या ०.६५ पट, म्हणजे १० टन, ही घर्षणाची मर्यादा. गरज ७.२ ची, मर्यादा १० ची. कातळ शांत आहे.

आता कातळाच्या मागच्या बाजूला त्याला डोंगरापासून वेगळी करणारी फट आहे असं समजा. ती तळाच्या भेगेपर्यंत खोल गेली आहे. मुसळधार पावसात वरून वाहणारं पाणी या फटीत उतरतं आणि साचायला लागतं. ते दोन गोष्टी करतं. एक, मागून कातळाला पुढे ढकलतं. दोन, तळाच्या भेगेत शिरून त्याला खालून उचलायला बघतं. ही दुसरी गोष्ट असमानतेच्या मुळावर घाव घालते. गुरुत्वाकर्षणाची ओढ पूर्ण वजनावर चालूच राहते, पण दाबून धरणारं बल मात्र पाण्याच्या उचलीएवढं घटतं. पाण्याच्या ढकलण्याला V आणि उचलीला U म्हटलं, तर अट अशी होते: W sin θ + V ≤ μ (W cos θ − U). आता W दोन्ही बाजूंनी छाटता येत नाही. उताराचा कोन पाहून निर्धास्त राहण्याची सोय संपते.

फटीत पाणी एक मीटर उंच साचलं असं धरू. पुढच्या कडेला भेग मोकळी आहे, त्यामुळे तळाखालचा पाण्याचा दाब मागे सर्वात जास्त आणि पुढे शून्य. सरासरी काढली तर उचल दोन टन येते आणि मागचं ढकलणं १.१ टन. गरज ८.३ टनांवर गेली, मर्यादा ८.७ टनांवर आली. कातळ अजून टिकून आहे. पाणी आणखी फक्त २० सेंटिमीटर चढू द्या. उचल २.४ टन, ढकलणं १.६ टन. गरज ८.८, मर्यादा साडेआठ. असमानता मोडली.

हे पाणी किती? फट दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर सुमारे ५० लिटर. सतरा टनांच्या कातळाला जागेवरून हलवायला एवढं पुरतं, कारण पाण्याचा दाब त्याच्या साठ्यावर नाही, उंचीवर ठरतो. फट अर्ध्या रुंदीची असती तर २५ लिटरही पुरले असते. म्हणून रुंद, भीतीदायक भेगेपेक्षा अरुंद भेग कधीकधी जास्त वाईट; ती एका सरीत भरते.

पुढच्या कडेला भेगेचं तोंड पालापाचोळ्यानं किंवा चिखलानं बुजलेलं असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून दाब पुढेही शून्य होत नाही आणि उचल किमान दुप्पट होते. मग ज्या एक मीटर पाण्यात कातळ टिकला होता, त्याच पाण्यात तो सुटतो: गरज ८.३, मर्यादा जेमतेम ७.४. कापलेल्या उतारावर सिमेंटचा फवारा मारून भिंत गुळगुळीत करणं बाहेरून भक्कम दिसतं, पण त्यात पाणी निघायला छिद्रं ठेवली नाहीत, तर नेमकी हीच परिस्थिती आपण तयार करतो. याबद्दल मला राहून राहून चिंता वाटते.

उपायही त्याच असमानतेत दिसतात. खडकात पोलादी बोल्ट ताणून बसवले की दाबून धरणारं बल वाढतं. खाली ओढणारा भाग सैल दगड काढून कमी करता येतो. पण आपल्या उदाहरणात नुसतं पाणी काढून घेतलं, तरी गरज ८.८ वरून ७.२ वर उतरते आणि मर्यादा साडेआठवरून १० वर जाते. दोन्ही बाजू एकदम सुधारतात. त्यासाठी उताराच्या माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारं गटार लागतं आणि खडकात आतल्या बाजूला किंचित वर चढत जाणारी छिद्रं लागतात, म्हणजे आत साचलेलं पाणी आपोआप बाहेर येतं. जोराच्या पावसात अशा छिद्रातून पाणी वाहत नसेल आणि आजूबाजूची भिंत मात्र पाझरत असेल, तर ते छिद्र बुजलं आहे असं समजावं.

सुटलेला कातळ दर वेळी थेट रस्त्यावर येतोच असं नाही. लिओनार्ड ऑयलरनं अठराव्या शतकाच्या मध्यात उतारावरच्या ठोकळ्याचाच विचार करून ओळखलं होतं की हालचाल सुरू झाल्यावरचं घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असतं. त्यामुळे एकदा सुटलेला ठोकळा वेग घेतो. पण पाण्यानं ढकललेला कातळ थोडा सरकला की मागची फट रुंदावते, पाण्याची पातळी उतरते, उचल कमी होते आणि कातळ पुन्हा अडू शकतो. एका पावसाळ्यात काही मिलिमीटर, पुढच्या पावसाळ्यात आणखी काही. प्रत्येक वेळी भेगेतले खडबडीत उंचवटे घासले जातात, घर्षणांक थोडा उतरतो आणि पुढच्या खेपेला थोडं कमी पाणी पुरतं. म्हणून रस्त्याची किंवा रेल्वेमार्गाची देखरेख करणाऱ्यांनी संशयास्पद फटीच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खिळे ठोकून त्यांच्यातलं अंतर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजून लिहून ठेवायला हवं. अंतर वाढलेलं असेल, तर कोनाचा हिशेब काहीही सांगो, त्या कातळाखालची असमानता एकदा मोडून गेलेली आहे.