एका सेलमुळे अडलेली बेरीज

महिन्याच्या किराण्याची यादी एक्सेलमध्ये केली आहे असे समजा. D2 ते D5 या चार सेलमध्ये तांदळाचे ३००, तूरडाळीची रक्कम, साखरेचे १८० आणि तेलाचे ४५० रुपये आहेत. भाव दुसऱ्या शीटवरच्या दरपत्रकातून VLOOKUP शोधून आणते. पण यादीत ‘तूरडाळ’ या शब्दामागे चुकून एक स्पेस पडली आहे. दरपत्रकात तसे नाव नसल्यामुळे तिथे `#N/A` येते, आणि खाली SUM लावलेल्या सेलमध्येही रकमेऐवजी तेच `#N/A` उमटते.

त्या कॉलममध्ये ‘नंतर आणू’ असा मजकूर असता, तर SUM तो सोडून पुढे गेली असती, कारण मजकूर ही तिच्या लेखी बेरजेची बाबच नाही. एररचा अर्थ वेगळा आहे: इथे आकडा यायला हवा होता, पण तो काढता आला नाही. ९३० रुपयांत माहीत नसलेली रक्कम मिळवली, तर एकूण रक्कमही माहीत नसलेलीच राहणार. म्हणून SUM अडते, आणि मला तिचे हे वागणे रास्त वाटते. खरा धोका मजकूर म्हणून साठवलेल्या १८० मध्ये आहे. तो बेरजेतून गुपचूप गळतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

तरीही काही वेळा हाताशी असलेल्या रकमांची बेरीज लगेच हवी असते. एक्सेल २०१० पासून त्यासाठी AGGREGATE आहे:

```
=AGGREGATE(9,6,D2:D5)
```

यातला ९ म्हणजे बेरीज करा आणि ६ म्हणजे एरर वगळा. उत्तर ९३० येते. गूगल शीट्समध्ये हे फंक्शन नाही. तिथे आणि एक्सेलमध्येही पुढची युक्ती चालते:

```
=SUMIF(D2:D5,"<9.99E+307")
```

शीटमध्ये मावणाऱ्या जवळजवळ सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा लहान असलेले सगळे आकडे मिळव, असे हे सांगणे आहे. एररची तुलना कुठल्याच संख्येशी होत नसल्यामुळे ती आपोआप बाहेर राहते. ऋण आकडे मात्र नीट धरले जातात.

पण ९३० हा खरा खर्च नव्हे. दोन किलो डाळीचे, १६० रुपये दराने, ३२० रुपये त्यात नाहीत. अशी बेरीज कोणाला पाठवायची असेल तर शेजारच्या सेलमध्ये वगळलेल्या एररची संख्या दाखवावी, असा माझा आग्रह आहे:

```
=SUMPRODUCT(--ISERROR(D2:D5))
```

इथे १ दिसेल. मग VLOOKUP मध्ये शोधायच्या नावाभोवती TRIM घातले की मागची स्पेस निघते, डाळीचा भाव सापडतो, ही संख्या शून्य होते आणि साधी SUM सुद्धा १२५० दाखवते.