"गॅस गेलाय, ताई!" फ्रिज रिपेअर करायचा की नवीन घ्यायचा?



समजा, तुम्ही रत्नागिरीत घरूनच सोलकढी आणि आमरस विकताय. ऐन मे महिन्यात ११ वर्षांचा फ्रिज थंड करेनासा झाला. मेकॅनिक म्हणतो, "ताई, गॅस गेलाय. अडीच हजार होतील." लगेच हो म्हणू नका.

फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. म्हणून पहिला प्रश्न विचारा, "दादा, लीक कुठे आहे?" चांगला मेकॅनिक नळीत नायट्रोजनचं प्रेशर भरतो, साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतो, लीक बंद करतो, फिल्टर बदलतो, व्हॅक्यूम करतो आणि मग गॅस वजन करून भरतो. नुसता गॅस भरला, तर तो पुन्हा निघून जाणार आणि पैसेही त्याच्याबरोबर!

लीक मागच्या जाळीवर किंवा कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर असेल, तर दुरुस्ती परवडते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज आधी तिथेच धरतो. पण लीक फ्रिजच्या भिंतीत, फोमच्या आत असेल, तर तिथे हात पोचत नाही. अशा जुन्या फ्रिजवर खर्च करू नका.

आता दुसरी शक्यता. मेकॅनिक म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय." फ्रिज दर काही मिनिटांनी 'टक्' आवाज करून बंद पडतोय का? मग आधी व्होल्टेज, रिले आणि ओव्हरलोड तपासायला सांगा. साध्या कॉम्प्रेसरमध्ये रिले हा स्वस्तातला पार्ट असतो. प्लग काढून मीटर लावायला सांगा. तिन्ही पिनांमध्ये आपापसात कनेक्शन दिसायला हवं आणि पिन ते बॉडी अजिबात नको. हे ठीक असेल, तर आधी रिले बदलून बघा. इन्व्हर्टर फ्रिज असेल, तर मात्र आधी त्याचा बोर्ड तपासावा लागतो.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल, तर वही काढा. समजा, दुरुस्तीचे ६,५०० रुपये सांगितले आणि जुना फ्रिज अजून २ वर्षं चालेल असं धरलं. म्हणजे वर्षाला ३,२५० रुपये. नवीन फ्रिज १६,००० चा, १० वर्षं धरला, तर वर्षाला १,६००. स्वस्त वाटणारी दुरुस्ती इथे दुप्पट महाग पडते! हाच फ्रिज ४ वर्षांचा असता आणि पुढे ६ वर्षं चालणार असता, तर वर्षाला साधारण १,१०० पडले असते. मग दुरुस्तीच करायची.

हो म्हणण्याआधी बिल शोधा. कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा बाकी फ्रिजपेक्षा जास्त वर्षांची असते, फक्त गॅस आणि मजुरी वेगळी लागू शकते. आणि कोटेशन कागदावर घ्या: लीक कुठे सापडला, कोणता पार्ट बदलणार, किती महिन्यांची गॅरंटी. हे लिहून द्यायला मेकॅनिक तयार नसेल, तर दुसरा बघा.