चढत्या सौद्यात भर घालताना स्टॉप कुठे?

नंदनवनात जगनाडे चौकाजवळ संध्याकाळी चहा घेताना शेजारचा मुलगा मला म्हणाला, "काकाजी, शेअर चढला म्हणून अजून घेतले आन् स्टॉप कॉस्टवर आणला. आता तोटा होऊच शकत नाही." मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. हा समज फार जणांचा आहे आणि तो आकडेमोडीतच सुटतो.

समजा, १०० शेअर ५०० रुपयांना घेतले आणि स्टॉप ४६० ला ठेवला. म्हणजे जोखीम ४,००० रुपयांची. भाव ५४० झाल्यावर आणखी ५० घेतले आणि स्टॉप ५०० वर, म्हणजे पहिल्या खरेदीच्या भावावर आणला. आता भाव ५०० ला परतला, तर पहिल्या १०० शेअरचं काही जाणार नाही. पण नंतरच्या ५० वर प्रत्येकी ४० रुपये जातील, म्हणजे २,००० रुपयांचा तोटा. कारण पूर्ण सौद्याची सरासरी आता ५०० उरलेली नाही, ती ५१३ रुपये ३३ पैसे झाली आहे. ‘कॉस्ट’ म्हणायचं तर तिलाच म्हणायचं. तिच्यातही दलाली, एसटीटी, मुद्रांक शुल्क मिळवावं लागतं.

मग त्याचं चुकलं का? स्टॉप चुकला नाही, समज चुकला. जोखीम ४,००० वरून २,००० वर आली, हे चांगलंच झालं. पुढे ५८० ला त्याने आणखी २५ घेतले आणि स्टॉप ५४० ला नेला, तर सरासरी सुमारे ५२३ होते आणि स्टॉप लागला तरी खर्चाआधी ३,००० रुपये हाती राहतात. पूर्ण सौदा सुरक्षित होतो तो इथे, तिसऱ्या टप्प्यावर.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो: शेअर आपल्या बाजूने चालला म्हणजे आपण बरोबर ठरलो, तेव्हा आता मोठी खरेदी करावी. तेच भाव आणि तेच स्टॉप ठेवून १००, १५०, २०० असे शेअर घेऊन पाहा. दुसऱ्या खरेदीनंतर ५०० चा स्टॉप लागला तर ६,००० रुपये जातात, मूळ जोखमीपेक्षा जास्त. तिसरीनंतर सरासरी ५४९ च्या आसपास पोचते. भाव ५०० वरून ५८० झालेला, आपला अंदाज खरा ठरलेला, आणि तरी ५४० ला बाहेर पडताना ४,००० रुपयांचा तोटा. पिरॅमिड उलटा उभा केला की असंच होतं. वरच्या खरेद्या लहान ठेवायच्या त्या याच कारणासाठी, सरासरी भावामागे धावू नये म्हणून.

खरेद्या सारख्या ठेवल्या तर? शिकागोच्या रिचर्ड डेनिस यांनी १९८३ मध्ये ‘टर्टल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शिकाऊ ट्रेडर्सना दिलेल्या नियमांत तसंच होतं. सौद्याच्या रोजच्या सरासरी चढउताराच्या निम्म्याइतका भाव पुढे गेला की पहिल्याएवढीच भर, अशा जास्तीत जास्त चार खरेद्या, आणि प्रत्येक भरीबरोबर आधीचे स्टॉपही तेवढेच वर. तरी पहिल्या खरेदीवर भांडवलाची २ टक्के जोखीम असली, तर चौथीनंतर ती ५ टक्के होत असे. स्टॉप वर जात होता आणि एकूण जोखीम तरीही वाढत होती. त्यांना ती मान्य होती, कारण त्यांनी ती आधीच मोजून ठेवली होती.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि भर घालताक्षणी स्टॉप सरासरीवर आणतात. आपल्या उदाहरणात ५४० च्या भावाला ५१४ चा स्टॉप. पण जो शेअर एरवीच दोन-तीन दिवसांत ३० रुपये खाली-वर करतो, त्यात हा स्टॉप साध्या हेलकाव्यात उडेल आणि चांगला चाललेला सौदा हातचा जाईल. अशा वेळी मी भरच घालत नाही. पहिल्या १०० शेअरवर थांबतो.

राहिला शेवटचा गैरसमज: ५४० चा स्टॉप म्हणजे ५४० ला विक्री. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलनंतर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळला आणि दुसऱ्याच दिवशी जवळपास सहा टक्के कोसळला. अशा दिवसांत भाव स्टॉपला वळसा घालून खाली जाऊ शकतो. आपले १७५ शेअर ५४० ऐवजी ५०५ ला विकले गेले, तर ३,००० च्या नफ्याजागी ३,१२५ चा तोटा दिसेल. म्हणून मोठ्या निकालाच्या आदल्या दिवशी मी नवी भर घालत नाही.

शेजारच्या मुलाच्या मोबाईलमध्ये शेवटी एक गोष्ट सापडली. शेअर १५० झाले होते, पण स्टॉपची ऑर्डर अजून १०० चीच होती. उरलेल्या ५० ना स्टॉपच नव्हता. त्याने तिथेच क्वांटिटी बदलली.